रुजू होण्याआधी टाकायचं तिकीट

हेल्पडेस्कवर नव्या माणसासाठी जी तिकिटं येतात, त्यांतल्या बऱ्याच तिकिटांत एकच ओळ असते : 'नवीन मुलगी सोमवारी जॉइन होतेय, आधीच्या माणसाला होता तसाच ऍक्सेस द्यावा.' लिहिणाऱ्या मॅनेजरला वाटतं, काम झालं. आयटीतल्या माणसालाही ही विनंती सोयीचीच असते, कारण जुनं खातं उघडून त्याची नक्कल करायची सोय बहुतेक प्रणालींत असते आणि पाच मिनिटांत तिकीट बंद करता येतं. माझ्या मते नव्या माणसासाठी लिहिता येईल अशी ही सर्वांत वाईट ओळ आहे.

कारण सरळ आहे. आधीचा माणूस त्या खुर्चीत काही वर्षं बसलेला असतो. मध्ये कधी मार्चएंडला कुणी रजेवर गेलं म्हणून त्याला पेमेंटची परवानगी दिलेली असते, कधी ऑडिटच्या वेळी पगाराचं फोल्डर उघडून दिलेलं असतं. काम संपल्यावर त्या परवानग्या काढून घ्या असं कुणी सांगत नाही. त्यामुळे त्याच्या खात्यात त्याच्या कामाला लागतं त्याहून बरंच जास्त साठलेलं असतं, आणि नक्कल करताना ते सगळं पहिल्याच दिवशी नव्या माणसाच्या पदरात पडतं. जेरोम सॉल्ट्झर आणि मायकेल श्रोडर यांनी 1975 साली संगणकातल्या माहितीच्या संरक्षणावर एक निबंध लिहिला. कामाला लागतील तेवढेच, किमान अधिकार द्यावेत हे तत्त्व त्यात नेमकं मांडलेलं आहे. आजही ऍक्सेस देणारी प्रत्येक शहाणी आयटी टीम त्याच तत्त्वावर चालते.

मग विनंती करायची कशी? एक उदाहरण घेऊन बघू. समजा, चाकणला वाहनांचे सुटे भाग बनवणारा एक कारखाना आहे. हिशेब विभागात एक मुलगी रुजू होणार आहे. तिचं काम पुरवठादारांची बिलं प्रणालीत चढवण्याचं. कंपनीत सॅप वापरतात. परचेस ऑर्डरवर आलेली बिलं `MIRO` या ट्रान्झॅक्शनमध्ये भरायची, ऑर्डरशिवाय आलेली, म्हणजे वीजबिल, ट्रान्सपोर्ट वगैरे, `FB60` मध्ये. एखाद्या पुरवठादाराचं किती देणं बाकी आहे हे `FBL1N` मध्ये बघायचं. बिलांच्या स्कॅन केलेल्या प्रती एका सामायिक फोल्डरमध्ये असतात. त्याशिवाय ईमेल लागणारच. तिच्या कामाचा ऍक्सेस एवढाच आहे.

काय द्यायचं नाही हेही तितकंच महत्त्वाचं. नवा पुरवठादार तयार करणं किंवा त्याचा बँक खाते क्रमांक बदलणं हे तिच्याकडे नको, आणि `F110` म्हणजे पेमेंट सोडण्याचा अधिकारही नको. एकाच माणसाच्या हातात पुरवठादार तयार करणं, त्याचं बिल चढवणं आणि पैसे सोडणं ही तिन्ही कामं आली, तर खोटा पुरवठादार उभा करून पैसे काढण्यासाठी दुसऱ्या कुणाची गरजच उरत नाही. ऑडिटर सर्वांत आधी हीच जोडी शोधतात. त्यात नव्या मुलीवर अविश्वास दाखवण्याचा प्रश्न नाही. उद्या काही गडबड निघाली तर संशयाच्या यादीत तिचं नावच येऊ नये, हा तिचाही फायदा आहे.

आता मॅनेजरने तिकिटात लिहायचं ते असं : 'अमुक कर्मचारी क्रमांक, हिशेब विभाग, रुजू होण्याची तारीख अमुक. सॅपमध्ये MIRO आणि FB60 मध्ये नोंद करण्याचा आणि FBL1N फक्त बघण्याचा अधिकार, कंपनी कोड 1000 आणि 2000 साठी. बिलांच्या स्कॅन फोल्डरमध्ये फाइल ठेवण्याचा अधिकार. पेमेंट आणि पुरवठादार मास्टर नको. प्रोबेशन सहा महिने, त्यानंतर पुन्हा तपासावं. मंजुरी : हिशेब विभागप्रमुख.' एवढ्यात आयटीला हवं ते सगळं आलं. कोण, कशासाठी, बघायचं की बदलायचं, कधीपर्यंत आणि कुणाच्या संमतीने. यातलं एकही उत्तर नसलं की तिकीट परत येतं, आणि ते येण्याजाण्यातच दोन-तीन दिवस निघून जातात. मंजुरीचं नाव तर हमखास राहतं. सॅपमधल्या हिशेबाची मालकी आयटीकडे नसते, हिशेब विभागाकडे असते. त्यामुळे विभागप्रमुखाचा होकार आल्याशिवाय आयटीतला माणूस कितीही भला असला तरी त्याला तो अधिकार देता येत नाही.

हे तिकीट नव्या मुलीने टाकायचं नसतं. टाकायला तिच्याकडे खातंच नसतं. एचआरच्या प्रणालीत तिचा कर्मचारी क्रमांक तयार झाला की त्यावरून कंपनीच्या मुख्य निर्देशिकेत, बहुतेक ठिकाणी मायक्रोसॉफ्टच्या ऍक्टिव्ह डिरेक्टरीत, तिचं खातं उघडतं. ते क्लाउडवर पोचायला थोडा वेळ लागतो. मायक्रोसॉफ्टची जुळवणी मुळात दर 30 मिनिटांनी होते. मग परवाना लावला की ईमेलची पेटी तयार होते. सॅपचा युजर त्यानंतर. ही साखळी एकापुढे एक चालते, म्हणून एचआरमध्ये नाव चढायला उशीर झाला की पुढचं सगळंच अडतं. सोमवारी माणूस हवा असेल तर आधीच्या आठवड्याच्या सुरुवातीला तिकीट पडलेलं असावं.

तरी पहिल्या दिवशी काहीतरी अडतंच. अडलं की 'लॉगिन होत नाही' असं मोघम सांगण्याआधी नेमकं कुठे अडलंय ते बघावं, कारण प्रत्येक अडचणीवर काम करणारा माणूस वेगळा असतो. पासवर्डच घेत नसेल, किंवा फोनवरच्या ऑथेंटिकेटर ऍपची जोडणी झाली नसेल, तर ते काम हेल्पडेस्कचं आणि दहा मिनिटांचं. लॉगिन झालं, पण फोल्डर उघडत नाही, तर परवानगीचा प्रश्न. इथे एक गंमतीची गोष्ट आहे. आयटी म्हणते, परवानगी दिली. मुलगी म्हणते, अजून उघडत नाही. आणि दोघंही खरं बोलत असतात. विंडोजमध्ये तुम्ही कोणत्या गटांचे सदस्य आहात याची यादी लॉगिन करतानाच बनते. नंतर कुणी तुम्हाला नव्या गटात घातलं तरी चालू असलेल्या सत्रात ते दिसत नाही. नुसतं स्क्रीन लॉक करून उघडणं पुरत नाही. पूर्ण लॉगआउट करून परत आत यावं लागतं. मग कमांड प्रॉम्प्टमध्ये एक ओळ टाकली की गट आला की नाही ते दिसतं :

```
whoami /groups
```

यादीत फोल्डरच्या गटाचं नाव दिसलं आणि तरीही फोल्डर उघडलं नाही, तरच पुन्हा तिकीट टाकावं.

सॅपमधली अडचण जास्त फसवी असते. आपल्या उदाहरणातली मुलगी `FB60` उघडते, ते उघडतं. कंपनी कोड 1000 चं वीजबिल चढतं. दुपारी दुसऱ्या युनिटचं बिल येतं, कंपनी कोड 2000 चं, आणि प्रणाली अधिकार नाही म्हणून सांगते. ती मॅनेजरला सांगते, 'एफबी साठ चालत नाही.' मॅनेजर तसंच तिकिटात लिहितो. आयटी तपासते, एफबी साठ तर दिलेलं आहे, तिकीट बंद. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. हे सगळं टाळण्यासाठी सॅपमध्येच एक पडदा आहे. नकार मिळाला की लगेच, दुसरं काहीही न करता, वरच्या खिडकीत हे टाकावं :

```
/nSU53
```

कोणती तपासणी नापास झाली ते तिथे दिसतं. आपल्या बाबतीत तिथे `F_BKPF_BUK` हे नाव, त्याखाली `ACTVT` 01 आणि `BUKRS` 2000 असं दिसेल. म्हणजे हिशेबाची नोंद, कंपनी कोडनुसार. कृती 01, म्हणजे नवीन नोंद करणं. कंपनी कोड 2000. बघायची परवानगी असती तर कृतीचा आकडा 03 असता. या पडद्याचा फोटो तिकिटाला जोडला की आयटीला अंदाज करावा लागत नाही. 2000 हा कोड भूमिकेत राहून गेला होता, एवढंच. तो जोडला, आणि तिने सॅपमधून बाहेर पडून पुन्हा लॉगिन केलं की काम सुरू. मात्र 'एसयू त्रेपन्न' शेवटचा नकार दाखवतो, नेहमी खरं मूळ दाखवतोच असं नाही. म्हणून काय करताना अडलं तेही दोन वाक्यांत लिहावं.

ऍक्सेस यायला उशीर झाला की शेजारचा सहकारी पुढे होतो. 'तोपर्यंत माझा आयडी वापर गं, पासवर्ड सांगतो.' मदत करायचा हेतू असतो, पण कृपया हे करू नका. कंपनी हिशेब नियमांनुसार 1 एप्रिल 2023 पासून सुरू होणाऱ्या आर्थिक वर्षांसाठी, हिशेब सॉफ्टवेअरवर ठेवणाऱ्या कंपन्यांना प्रत्येक व्यवहाराची आणि प्रत्येक बदलाची नोंद तारखेसह ठेवणारी व्यवस्था लागते, आणि ती बंद करता येता कामा नये. त्या नोंदीत उसन्या आयडीने चढवलेलं बिल सहकाऱ्याच्या नावावर जातं. बिलात चूक निघाली तर उत्तर त्याला द्यावं लागतं. आणि पहिल्या दिवशी तिने काम केलं याचा कुठेही पुरावा राहत नाही. एक दिवस स्कॅन तपासत, जुनी बिलं वाचत काढावा, ते चालतं.

मॅनेजरांना एकच विनंती आहे. ऑफर लेटर पाठवलं त्याच दिवशी तिकिटाचा मसुदा लिहून ठेवा, आणि त्यात आधीच्या माणसाचं नाव लिहायचं टाळा. आधीचा माणूस गेला असेल तर त्याच दिवशी त्याचं खातं बंद करायचं वेगळं तिकीटही टाका. नव्याचं खातं तयार होण्याची वाट बघत जुनं चालू ठेवणाऱ्या कंपन्या अजून पुष्कळ आहेत.