कड्यावरून होडीचा वेग

रत्नागिरीच्या रत्नदुर्गावर उभे राहू. डोळा पाण्यापासून ६० मीटर उंच आहे असे धरू. होडी सरळ आपल्याकडे येते आहे. तिचा अवनत कोन, म्हणजे नजरेच्या आडव्या रेषेपासून खाली मोजलेला कोन, आधी ३०° भरला आणि २० सेकंदांनी ४५°.

उंचीला कोनाच्या टॅनने भागले की आडवे अंतर मिळते: आधी सुमारे १०४ मीटर, नंतर ६०. म्हणजे होडी ४४ मीटर आली. वेग सेकंदाला २.२ मीटर, ताशी जवळपास ८ किलोमीटर.

खरी गोम पहिल्या कोनात आहे. तो ३० ऐवजी २९ वाचला, तर उत्तर दहा टक्क्यांनी फुगते. ओहोटीला पाणी उतरते, तेव्हा उंचीही नव्याने धरावी लागते. होडी तिरकी जात असेल, तर हे गणित लागूच पडत नाही.