आलेखावरचा ठिपका आणि शंकर नगरातली दमट खोली

ऑगस्टात शेजारच्या काकूंनी बोलावून घेतलं. रायपूरच्या शंकर नगरात आमची घरं एकाच गल्लीत आहेत. "एसी लावलाय, चोवीस दिसतायत, तरी टॉवेल वाळत नाही बघ. चादरसुद्धा चिकट लागते." याच काकू मे महिन्यात कूलरचं तोंडभर कौतुक करत होत्या. कूलर मेमध्ये जिंकला, एसी ऑगस्टात हरला, असा त्यांचा हिशेब. मी घरून आर्द्रता मोजायचा छोटा काटा नेला. त्याने 24 अंश आणि 75 टक्के दाखवले. बाकीचं उत्तर एका कागदावर होतं.

तो कागद म्हणजे सायक्रोमेट्रिक चार्ट. त्याला आपण हवेचा नकाशा म्हणू. खालच्या रेघेवर तापमान असतं, उजवीकडे वर जाणाऱ्या रेघेवर हवेतल्या पाण्याचं वजन. हे वजन एक किलो कोरड्या हवेमागे ग्रॅममध्ये मोजतात. डावीकडे वर चढत गेलेला बाक म्हणजे शंभर टक्के आर्द्रता. त्याच्या पलीकडे हवेला पाणी पेलवत नाही, ते थेंब होऊन बाहेर पडतं. खोलीतल्या हवेची अवस्था म्हणजे या नकाशावरचा एक ठिपका. कूलर, एसी, ओले कपडे, उघडी खिडकी, यांतलं काहीही त्या ठिपक्याला ठरावीक दिशेलाच ढकलतं. वाचायची ती दिशा.

आधी मे महिना घेऊ. नौतपातली दुपार, बाहेर 42 अंश आणि आर्द्रता 20 टक्के. नकाशावर हा ठिपका अगदी उजवीकडे पण खालच्या अंगाला येतो, किलोमागे फक्त 10 ग्रॅम पाणी. तापमापकाच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळून वारा घातला, तर पारा 23 अंशांच्या जरा वर थांबेल. हे ओलं तापमान. त्याच्या तिरक्या रेघा नकाशावर आखलेल्या असतात आणि कूलरची हवा अशाच एका रेघेवरून वर-डावीकडे सरकते. वाळ्याच्या किंवा लाकडी काथ्याच्या ताट्यांतून जाताना ती पाणी उडवते आणि त्यासाठी लागणारी उष्णता स्वतःमधून देते. ताटी चांगली भिजलेली असली, तर पूर्ण वाटेची साधारण 80 टक्के वाट हवा कापते. म्हणजे 42 वरून सुमारे 27 अंश. पाणी मात्र 10 वरून साडेसोळा ग्रॅमवर जातं. बाहेरची हवा मुळात कोरडी असल्याने हा बोजा सहज खपतो, फक्त खिडकी थोडी उघडी हवी.

आता तोच कूलर पावसाळी संध्याकाळी लावा. बाहेर 30 अंश, 80 टक्के. इथे ओलं तापमान 27 अंश, म्हणजे सरकायला वाटच तीन अंशांची. हवा जेमतेम 28 पर्यंत उतरते आणि 95 टक्क्यांच्या आसपास जाऊन थबकते. "पंप बिघडलाय का?" असं दरवर्षी कोणीतरी विचारतं. पंप ठणठणीत असतो, हवेचीच तहान भागलेली असते.

मग एसी. काकूंच्या खोलीतली हवा यंत्र सुरू करण्याआधी 29 अंश आणि 75 टक्के होती, म्हणजे किलोमागे 19 ग्रॅम पाणी. या ठिपक्यावरून डावीकडे आडवी रेघ ओढली, तर ती शंभर टक्क्यांच्या बाकाला 24 अंशांवर भिडते. तो दवबिंदू. एसीतली कॉईल याहून गरम असेल, तर हवा नुसती थंड होईल, ठिपका आडवा सरकेल आणि पाण्याचा एक थेंबही निघणार नाही. कॉईल त्याहून थंड असली, तर ठिपका खाली-डावीकडे तिरका उतरतो. एखादं दीड टनी यंत्र भर जोरात चालतंय आणि कॉईलचा पृष्ठभाग सरासरी 15 अंशांवर आहे असं धरू. सगळी हवा काही पत्र्याला चिकटून जात नाही. चौथा हिस्सा नुसता मधून निसटतो. म्हणून बाहेर पडणारी हवा 15 नव्हे, साडेअठरा अंशांची असते आणि तिच्यात 12.7 ग्रॅम पाणी उरतं. दर किलोमागे सहा ग्रॅमांहून जास्त पाणी निघालं. यात यंत्राने ओढलेल्या उष्णतेचा साठ टक्के भाग पाणी काढण्यातच गेला. थंडावा लगेच का जाणवत नाही, याचं कारण तिथे आहे.

गंमत पुढे आहे. बारा बाय बाराच्या, दहा फूट उंचीच्या खोलीत सुमारे 46 किलो हवा मावते. ती 25 अंश आणि 55 टक्क्यांवर आणायची, तर किलोमागे 11 ग्रॅम ठेवायचे, बाकीचे काढायचे. सगळं मिळून दीडएक पेला पाणी. तरी बाल्कनीतल्या नळीखालची बादली रात्रभर भरत राहते. ते पाणी आधीपासून खोलीत नव्हतं. दाराखालच्या फटीतून येणारी बाहेरची हवा, दोन माणसांचा श्वास आणि घाम, आत टांगलेले कपडे, या साऱ्यांतलं पाणी नळीतून बाहेर पडतं. दारं नीट लावलेल्या खोलीत, निम्मी हवा तासाला बदलते असं धरून माझा हिशेब तासाला पाव ते अर्धा लिटर असा येतो. त्यापेक्षा फार जास्त आलं तर फट शोधावी.

काकूंच्या नळीतून मात्र थेंबसुद्धा मोजून पडत होते. मेकॅनिकने गॅस कमी असल्याचं सांगून पैसे घेतले होते. मला ते पटलं नाही, कारण खोली तर 24 वर चटकन पोचत होती. गॅस कमी असता तर तिथेच दम लागला असता. खरी गोष्ट अशी की लहान खोलीला दोन टनांचा इन्व्हर्टर एसी बसवला होता. रिमोटला फक्त तापमान कळतं, पाणी कळत नाही. पाच मिनिटांत 24 झालं की कॉम्प्रेसर मंदावतो, कॉईल तापत 18-19 अंशांवर येते. तेव्हा खोलीचा दवबिंदू 19 अंशांच्या थोडा वर, म्हणजे जवळपास तेवढाच. ठिपका आता आडवाच सरकणार. त्यातून कॉम्प्रेसर थांबल्यावर पंखा चालू राहिला, तर कॉईलवर उरलेलं पाणी पुन्हा हवेत जातं, अगदी मेमधल्या कूलरसारखं. 24 अंश आणि 75 टक्के म्हणजे किलोमागे 14 ग्रॅम. 25 अंश आणि 55 टक्क्यांपेक्षा तीन ग्रॅमने जास्त.

तेव्हा 18 वर बटण दाबून फायदा नव्हता. खोली गार झाली असती, चिकटपणा मात्र राहिलाच असता. आम्ही पंख्याचा वेग उतरवला आणि ड्राय मोड लावला. हवा हळू जाते, कॉईल जास्त गार राहते, म्हणून ठिपका आडवा न जाता बराचसा खाली उतरतो. दाराला रबरी पट्टी लावली आणि टॉवेल बाल्कनीत नेला. तासाभराने काटा 25 अंश आणि 60 टक्क्यांवर होता.

हा नकाशा अमेरिकेतल्या एका छापखान्याच्या कटकटीतून आला, हे दिवाळी अंकात सांगणं बरं. 1902 साली ब्रुकलिनच्या सॅकेट-विल्हेल्म्स छापखान्यात दमट हवेने कागद फुगायचा आणि रंग एकमेकांवर नेमके बसायचे नाहीत. विलिस कॅरिअरने कॉईलवर पाणी काढून ती हवा ताळ्यावर आणली, आणि 1911 मध्ये आर्द्र हवेच्या सूत्रांचा निबंध अमेरिकेतल्या यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेपुढे वाचला. जर्मनीत रिचर्ड मोलिएरने 1923 मध्ये वेगळ्या अक्षांवर तसाच आलेख मांडला.

एक सूचना. बहुतेक छापील नकाशे समुद्रसपाटीचे असतात. रायपूर सुमारे 300 मीटर उंचीवर आहे, म्हणून इथे त्याच तापमानाला, त्याच टक्क्यांना पाणी साडेतीन-चार टक्के जास्त निघतं. घरच्या हिशेबात एवढा फरक सोडून द्यावा. स्वस्त काट्याची चूक बहुधा त्याहून मोठी असते. खात्री हवी असेल तर वाटीत मीठ आणि थोडं पाणी घालून ओलसर लगदा करा आणि काटा त्याच्यासोबत झाकणबंद डब्यात रात्रभर ठेवा. सकाळी 75 दाखवायला हवेत. काकूंचा काटा नव्हताच, माझा होता. त्याने 78 दाखवले.