महिन्याचे चाळीस तास

अमेरिकेतल्या ओहायो राज्यात घरं साफ करून देणारी एक छोटी कंपनी आहे, असं समजा. मालकीणबाई आणि चार कामगार, एवढाच पसारा. बाई स्वतः दिवसभर गाडी घेऊन या घरून त्या घरी फिरतात. दर विचारणाऱ्या ईमेलला उत्तर जातं रात्री दहाला, तोवर गिऱ्हाईक दुसरीकडे गेलेलं असतं. ऑफिसात पूर्णवेळ माणूस ठेवणं त्यांना परवडत नाही, आणि दिवसभराचं कामही नसतं. असतं ते रोजचं दोनेक तासांचं. ते नाशिकमधल्या आपल्या घरी बसून करणारी मुलगी म्हणजे व्हर्च्युअल असिस्टंट.

आलेल्या ईमेल निवडायच्या, ठरलेल्या दरपत्रकावरून कोटेशन पाठवायचं, कामांच्या वेळा कॅलेंडरमध्ये भरायच्या, थकलेल्या बिलांची आठवण करून द्यायची, अशी ही कामं. त्यासाठी बाईंचा पासवर्ड घ्यायची गरज नसते. जीमेलमध्ये दुसऱ्याला आपल्या वतीने ईमेल वाचायची आणि पाठवायची परवानगी देता येते; पासवर्ड मात्र त्याला बदलता येत नाही. पासवर्ड मागून घेणारीची पंचाईत पहिल्याच आठवड्यात होते. ती सकाळी लॉगिन करते आणि ओटीपी जातो ओहायोत, झोपलेल्या बाईंच्या फोनवर.

खरी गंमत घड्याळाची आहे. उन्हाळ्यात ओहायो भारताच्या साडेनऊ तास मागे असतं, म्हणजे तिथले सकाळचे नऊ म्हणजे नाशिकचे संध्याकाळचे साडेसहा. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिथली घड्याळं एक तास मागे जातात, फरक साडेदहा तासांचा होतो आणि तेच नऊ आपल्याकडे साडेसातला वाजतात. मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुन्हा उलट. म्हणून दर सोमवारची बैठक कॅलेंडरमध्ये ओहायोच्या वेळेनेच नोंदवायची असते. ती भारतीय साडेसहा म्हणून नोंदवली, तर नोव्हेंबरात बाईंना ती अचानक सकाळी आठची दिसू लागते. याहून महाग पडणारी चूक गिऱ्हाइकाच्या वेळेची. कॅलेंडर भारतीय वेळेवर ठेवून कुणी जुलैत 'दुपारी दोन' टाकलं, तर बाईंच्या फोनवर त्या घराची सफाई पहाटे साडेचारला दिसते. तारखांचंही तसंच. अमेरिकेत ४/५ म्हणजे ५ एप्रिल. म्हणून महिन्याचं नाव अक्षरांत लिहिलेलं बरं.

रात्रपाळी मात्र करावी लागेलच असं नाही. बाई झोपलेल्या असताना, आपल्या सकाळी, कोटेशनं तयार होतात. त्यांना उठल्यावर एका ईमेलमध्ये काय झालं, काय अडलं आणि कशावर निर्णय हवा ते मिळतं. प्रत्यक्ष बोलायला संध्याकाळचा अर्धा तास पुरतो. फोन उचलायचे असतील तर गणित वेगळं. ते काम तिथल्या दिवसाच्या वेळेतच करावं लागतं आणि त्याचा दरही वेगळा ठरवावा.

आता पैसे. पहिला महिना तासावारी काम करून प्रत्येक कामाला किती वेळ जातो ते टिपावं, मग महिन्याची ठरावीक रक्कम, म्हणजे रिटेनर, सांगावी. समजा, तासाला ८ डॉलर आणि महिन्याला ४० तास: ३२० डॉलर, महिना सुरू होण्याआधी. इथं विकलं जातं ते राखून ठेवलेला वेळ. म्हणूनच न वापरलेल्या तासांचं काय, हे आधी लिहून ठेवावं लागतं. जास्तीत जास्त पाच तास फक्त पुढच्या महिन्यात वापरता येतील, ही अट दोघींनाही सोसते. ती नसेल तर तीन महिन्यांचे साचलेले तास एकदम मागितले जातात.

दुसरी गळती असते 'जरा एवढं बघशील का?' या वाक्याची. गाडीच्या विम्याचे दर बघायला सात तास जातात आणि महिना त्रेचाळीस तासांवर संपतो. बत्तीस तास भरले की बाईंना कळवायचं आणि चाळीसच्या वरचे तास त्यांच्या होकारानंतरच, तासाला १० डॉलरने करायचे, असं करारात असलं की ते तीन तास फुकट जात नाहीत.

पैसे बँकेत आले की परकीय चलन आल्याचा दाखला जपून ठेवावा. निर्यात सिद्ध करायला तोच लागतो. सगळ्या ग्राहकांची मिळून वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेपर्यंत साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. आयकर विवरणात हे उत्पन्न मात्र दाखवावंच लागतं.

सहाएक महिन्यांनी एक विचित्र प्रसंग येतो. उत्तरांचे मसुदे तयार असल्याने चौदा तासांचं ईमेलचं काम नऊ तासांत उरकू लागतं. तासांवर बेतलेल्या रिटेनरमध्ये या हुशारीचा दंडच बसतो: एक तर पैसे कमी होतात, नाहीतर काम वाढतं. तेव्हा करार बदलून घ्यावा. तासांऐवजी 'प्रत्येक चौकशीला बाई कामावर निघण्याआधी उत्तर आणि थकलेल्या बिलांना आठवड्यातून एक आठवण' एवढं ठरवायचं, आणि रक्कम तीच ३२० डॉलर ठेवायची.