घरातल्या घरात झालेला नफा

समजा, कोल्हापुरात पंप बनवणारी एक कंपनी आहे आणि तिने जवळच्याच एका फाउंड्रीचे 80 टक्के शेअर विकत घेतले. फाउंड्री आता तिची उपकंपनी झाली. उरलेले 20 टक्के शेअर जुन्या भागधारकांकडेच आहेत. दोन्ही कंपन्यांची वह्या-खाती वेगळीच राहतात, पण 2013च्या कंपनी कायद्यातल्या कलम 129 नुसार, काही अपवाद सोडले तर, पंपवाल्या कंपनीला दोघींचा मिळून एकत्रित ताळेबंदही मांडावा लागतो. तो वाचणाऱ्याला एकच प्रश्न असतो: हा सगळा कारभार एकच कंपनी करत असती, तर तिच्याकडे किती मालमत्ता असती?

पंप कंपनीने या शेअरसाठी 150 लाख रुपये मोजले. त्या दिवशी फाउंड्रीचे भागभांडवल 100 लाख आणि राखीव निधी 50 लाख होता, म्हणजे देणी वजा जाता मालमत्ता 150 लाखांची. तिचे 80 टक्के होतात 120 लाख. जास्तीचे दिलेले 30 लाख म्हणजे गुडविल. एकत्रित ताळेबंदात पंप कंपनीची 150 लाखांची गुंतवणूक दिसत नाही. तिच्या जागी फाउंड्रीच्या भट्ट्या, यंत्रे, येणी आणि देणी येतात.

ही मालमत्ता 80 टक्केच न घेता पूर्ण घेतात, कारण ताबा पूर्ण भट्टीवर असतो. मग जुन्या भागधारकांचा वाटा वेगळा दाखवावा लागतो. तोच अल्पसंख्य भागधारकांचा हिस्सा. आज फाउंड्रीचा राखीव निधी 90 लाखांवर गेला असेल, तर मालमत्ता 190 लाख आणि त्यांचा वाटा 38 लाख. खरेदीनंतर वाढलेल्या 40 लाखांपैकी 32 लाख पंप कंपनीच्या बाजूने जमा होतात. खरेदीपूर्वीचे 50 लाख इथे धरायचे नाहीत. तो नफा आपण कमावलेला नाही, किंमत मोजून विकत घेतलेला आहे.

खरी कसोटी पुढे आहे. फाउंड्री पंप कंपनीलाच कास्टिंग विकते, तेही खर्चावर 25 टक्के नफा लावून. वर्षाअखेरीस त्यांपैकी 20 लाखांचा माल पंप कंपनीकडे पडून आहे. फाउंड्रीच्या खात्यात या मालावरचा नफा जमा झालेला आहे. पण समूहाबाहेरच्या कुणीही अजून एक रुपया दिलेला नाही. एका खिशातून दुसऱ्या खिशात पैसे टाकून माणूस श्रीमंत होत नाही, म्हणून हा नफा काढून टाकावा लागतो.

तो किती? इथे हमखास चूक होते. 20 लाखांचे 25 टक्के म्हणजे 5 लाख असे धरले जाते. पण 20 लाख ही विक्रीची किंमत आहे आणि नफा खर्चावर लावलेला आहे. 100 च्या खर्चावर 125 ची विक्री, म्हणजे विक्रीच्या 125 मागे नफा 25. तेव्हा 20 लाखांत नफा 4 लाख. दुसरी चूक अधिक लपून राहते. गोदामातली कच्ची कास्टिंग तेवढी मोजली जातात, आणि अर्धवट किंवा तयार, पण न विकलेल्या पंपांत बसलेली कास्टिंग विसरली जातात. कास्टिंग पंपात बसले म्हणून ते समूहाबाहेर गेलेले नसते. हे ओळखायचे तर फाउंड्रीची बिले आणि विकल्या गेलेल्या पंपांची संख्या शेजारी ठेवून पाहावी.

हे 4 लाख साठ्याच्या किमतीतून पूर्ण वजा होतात. पण झळ कोणी सोसायची? नफा फाउंड्रीने नोंदवला होता, आणि तिच्या नफ्यात जुन्या भागधारकांचाही वाटा आहे. म्हणून 80 हजार त्यांच्याकडून आणि 3.20 लाख पंप कंपनीच्या बाजूने वजा करतात. त्यांचा हिस्सा 38 वरून 37.20 लाख होतो. व्यवहार उलटा असता, म्हणजे पंप कंपनीने फाउंड्रीला माल विकला असता आणि तो फाउंड्रीकडे पडून असता, तर सगळे 4 लाख पंप कंपनीच्याच राखीव निधीतून गेले असते, कारण नफा तिचा होता. माल कोणाच्या गोदामात आहे यापेक्षा तो विकला कोणी, हे आधी पाहायचे. गुणोत्तर त्यावरून ठरते.

आता ताळा करून पाहू. पंप कंपनीचे भांडवल 300 लाख आणि राखीव निधी 200 लाख आहे. 200 मध्ये 32 मिळवून 3.20 वजा केले की 228.80 लाख. त्यात भांडवल आणि 37.20 लाख मिळवले की 566 लाख. दुसऱ्या बाजूने, गुंतवणूक सोडून पंप कंपनीची निव्वळ मालमत्ता 350, फाउंड्रीची 190, गुडविल 30, आणि त्यातून 4 वजा: पुन्हा 566. मात्र हा ताळा जुळला म्हणजे सगळे बरोबर असे नाही. 4 लाखांची विभागणी चुकली तरी बेरीज जुळतेच, म्हणून अल्पसंख्यांचा आकडा स्वतंत्रपणे तपासावा.

पुढच्या वर्षी ते पंप बाहेर विकले गेले की वजा केलेले 4 लाख खऱ्या अर्थाने कमावले जातात, आणि एकत्रित नफ्यात त्याच 80-20 च्या प्रमाणात परत येतात.