पत्त्याच्या रकान्यात ‘मारुतीमागे’ कुठे लिहायचं?

पुण्यातला एक पत्ता घ्या: जोशी वाडा, दुसरा मजला, मारुतीच्या देवळामागची बोळ, सदाशिव पेठ, ४११०३०. ऑनलाइन खरेदीच्या फॉर्ममध्ये ‘रस्त्याचे नाव’ आणि ‘घर क्रमांक’ सक्तीचे असतील, तर ग्राहक तिथे काहीबाही भरतो आणि डिलिव्हरीवाला बोळाच्या तोंडाशी उभा राहून फोन करतो.

म्हणून फॉर्मने आधी देश विचारावा आणि पुढचे रकाने त्यानुसार बदलावेत. भारतासाठी पिनकोड आधी घ्यावा. त्यावरून शहर आणि राज्य आपोआप भरता येतं, पण ते बदलण्याची मुभा हवी. एका पिनमध्ये अनेक वस्त्या येतात, त्यामुळे पेठ किंवा गावाचं नाव वेगळं विचारावं. मग घर, इमारत, मजला आणि शेवटी ‘जवळची खूण’ असा स्वतंत्र रकाना. ही खूण पार्सलच्या लेबलवरही छापली गेली पाहिजे. नाहीतर विचारून उपयोग नाही.

परदेशी पत्त्यांना सहा अंकांची अट लावू नये. लंडनच्या पोस्टकोडमध्ये अक्षरंही असतात, तर हाँगकाँगमध्ये पोस्टकोडच नाही. न्यू जर्सीतल्या एडिसनचा कोड ०८८१७ आहे. तो संख्या म्हणून साठवला, तर सुरुवातीचं शून्य गळून ८८१७ उरतं. कोड मजकूर म्हणूनच साठवावा.

फॉर्म तपासताना बोळातला, खेड्यातला आणि परदेशातला असे तीन खरे पत्ते भरून पाहा. एकही अडला, तर फॉर्म बदला.