खात्यात 52.50 लाख, रिटर्नमध्ये 45 लाख. जीएसटी नोटिशीला उत्तर कसं द्यायचं?

समजा, सांगलीतल्या हळद पावडर विक्रेत्याला ASMT-10 नोटीस आली: वर्षभरात खात्यात 52.50 लाख जमा, रिटर्नमध्ये विक्री फक्त 45 लाख. मग 7.50 लाख लपवले?

नाही. रोखीसह सगळी विक्री त्याने खात्यातच भरली होती. पण रिटर्नमधली विक्री कर वगळून असते. 5 टक्के जीएसटीचे 2.25 लाख ग्राहकांनीच दिलेले. साताऱ्याच्या भावाने 3 लाख उसने दिले. उरलेले 2.25 लाख स्वतःच्याच बचत खात्यातून वळवलेले.

'नोटीस चुकीची' एवढं लिहून भागत नाही. नोटिशीतल्या मुदतीत, साधारण 30 दिवसांत, ASMT-11 भरून हा ताळमेळ तक्ता जोडायचा. प्रत्येक ओळीला पुरावा हवा: दोन्ही खात्यांची स्टेटमेंट, भावाचं पत्र. उत्तर पटलं तर ASMT-12 येतं. एखादी रक्कम खरंच विक्रीची निघाली, तर तेवढ्यावर व्याजासह कर भरावा लागतो.