यादीत न लिहिलेली ओळ

मा. संपादक,


हुंड्यावरचा आपला अग्रलेख वाचला. माणसाची हाव वाढली आहे आणि कायदा ढिला आहे, असा त्याचा रोख आहे. तालुक्याच्या कॉलेजात मी सत्तावीस वर्षं समाजशास्त्र शिकवलं आणि त्याच काळात नात्यागोत्यातल्या पंचवीस-तीस बैठकांना चुलता, मामा किंवा मध्यस्थ म्हणून बसलो. त्या बैठकांत हाव दिसली, नाही असं नाही. पण हावेपेक्षा जास्त दिसली ती भीती, आणि तीही दोन्ही बाजूंना. म्हणून हे पत्र.

एकच बैठक सांगतो. चार वर्षांपूर्वी माझ्या चुलतभावाच्या मुलीची. मुलगी बी.एस्सी., मुलगा जिल्हा परिषदेत कारकून. पसंती झाली होती, फक्त याद व्हायची होती. शहरातल्या वाचकांसाठी सांगायला हवं, की याद म्हणजे लग्नाचा लेखी करार. कागदाच्या चारी कोपऱ्यांना हळदीकुंकू लावतात, वर ‘श्री गणेश प्रसन्न’ लिहितात आणि खाली कोणी काय करायचं ते एकेक ओळीने येतं. मांडव मुलीकडे, वाजंत्री मुलाकडे, नवरदेवाचा पोशाख, करवलीची साडी, मानाच्या साड्या किती, जेवणात गोड काय. शेवटी दोन्हीकडच्या चार-चार माणसांच्या सह्या.

त्या दिवशी दुपारी दोनला कागद पुढे आला आणि साडेपाचला सह्या झाल्या. मधला सगळा वेळ ज्या ओळीत गेला, ती कागदावर नव्हती. नऊ लाख रोख आणि पाच तोळे. मध्यस्थ या खोलीतून त्या खोलीत जात होता, बोटांनी आकडा दाखवत होता, ‘पाहुणे, थोडं पुढं सरका’ म्हणत होता. जमलं तेव्हा सुपारी फुटली, पेढे वाटले आणि यादीत तेवढी ओळ सोडून सगळं लिहिलं गेलं. सोन्याचा तेव्हाचा भाव आणि कार्यालयाचा खर्च धरला तर भावाला ते लग्न साडेपंधरा लाखांच्या आसपास गेलं. त्याची जमीन सहा एकर, कोरडवाहू. त्यातली रस्त्याकडची दीड एकर गेली.

बैठक रंगात असताना मुलाचे वडील पान खायला बाहेर आले, तेव्हा मी त्यांना सरळ विचारलं, ‘एवढं कशाला?’ ते म्हणाले, ‘सर, मला काही हौस नाही. पण दोन पोरींना मी दिलंय. अन् काहीच नाही घेतलं तर भावकी म्हणंल, पोरात काहीतरी खोट असंल.’ रात्री भावाला विचारलं, तर तो म्हणाला, ‘मी नाही म्हणलो असतो रे. पण रिकाम्या हातानं गेलेल्या पोरीला तिथं कोण मान देईल?’ म्हणजे ज्यांनी व्यवहार केला त्या दोघांनाही तो नको होता. दोघांनाही वाटत होतं की आपण सोडून बाकी सगळ्यांना तो हवा आहे.

या अवस्थेला समाजशास्त्रात नाव आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ फ्लॉइड ऑलपोर्ट यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात ती मांडली. मराठीत तिला सामूहिक गैरसमज म्हणता येईल. प्रत्येक जण मनातून एका गोष्टीच्या विरुद्ध असतो, पण इतरांच्या वागण्यावरून त्यांना ती मान्य आहे असं समजतो आणि स्वतःही तसाच वागतो. मग त्याचं वागणं पुढच्या माणसासाठी पुरावा होतं. माझ्या भावाने दीड एकर विकली, हे आमच्या भावकीतल्या पुढच्या बापाला ‘रीत अशीच आहे’ असं सांगणारं उदाहरण झालं आहे.

रूढी कशावर टिकते, याचा अभ्यास क्रिस्टिना बिकिएरी या विदुषीने नेमकेपणाने केला आहे. त्यांच्या मते माणूस रूढी पाळतो ती दोन अपेक्षांवर. एक, ‘माझ्यासारखे लोक असंच करतात’ आणि दुसरी, ‘मीही असंच करावं, असं त्यांना वाटतं आणि नाही केलं तर ते मला बोल लावतील’. यातलं ‘माझ्यासारखे लोक’ महत्त्वाचं. त्यात सगळं जग येत नाही. आमच्याकडे ते म्हणजे भावकी, सोयरे आणि ज्यांच्या घरी मुली देता-घेता येतात अशी चाळीस-पन्नास गावं. मुंबईत कोणी हुंडा घेतला नाही, याचा माझ्या भावावर काडीचाही परिणाम होत नाही. त्याच्या सोयऱ्यांत कोणी घेतला नाही, तर होतो.

ही रीत फार जुनी आहे, म्हणून ती जात नाही, असं बरेच जण म्हणतात. ते खरं नाही. महाराष्ट्रातल्या कितीतरी शेतकरी आणि कारागीर जातींत पूर्वी उलटी रीत होती. मुलाकडचे मुलीच्या बापाला पैसे द्यायचे. त्याला देज म्हणत. माझ्या आजीचं लग्न देज देऊन झालं होतं. एम. एन. श्रीनिवास यांनी 1983 मधल्या आपल्या हुंड्यावरच्या व्याख्यानात दाखवलं, की आजचा हुंडा हा जुन्या स्त्रीधनाचा किंवा कन्यादानातल्या दक्षिणेचा वारसदार नाही. इंग्रजी अमदानीत पगाराच्या नोकऱ्या आल्या, नोकरीवाली मुलं मोजकी होती, त्यांच्यासाठी चढाओढ लागली. वरच्या जातींनी जे केलं, ते प्रतिष्ठेसाठी खालच्यांनी उचललं आणि देज घेणारी घरं हुंडा देणारी झाली. दोन-तीन पिढ्यांत रीत पूर्ण उलटली. यातली आशेची गोष्ट एवढीच, की जी रीत एवढ्या थोड्या काळात उलटू शकते, ती परत फिरवताही येते.

कायद्याने ती का फिरली नाही? हुंडा प्रतिबंधक कायदा 1961 चा आहे. पुढे दोनदा तो कडक केला. हुंडा घेणं आणि देणं, दोन्हीला निदान पाच वर्षांची शिक्षा आहे. तरीही जागतिक बँकेच्या संशोधकांनी 1960 ते 2008 या काळातली, सतरा राज्यांच्या ग्रामीण भागातली सुमारे 40,000 लग्नं तपासली, तेव्हा 95 टक्के लग्नांत हुंडा दिलेला आढळला. कायदा एकेका माणसाला पकडतो आणि त्यासाठी कोणीतरी तक्रार करावी लागते. पीडितेच्या जबाबावरून तिच्यावरच खटला भरता येणार नाही, अशी तरतूद त्यात आहे. पण बैठकीच्या दिवशी तिथे पीडित असं कोणीच नसतं. पेढे खाणारी माणसं असतात. तक्रार होते ती नातं तुटल्यावर, अनेकदा मुलगी गेल्यावर.

मग एखादी रूढी मोडली कशी, याचं उदाहरण पाहिलं पाहिजे. चीनमध्ये सुमारे हजार वर्षं मुलींचे पाय लहानपणी बांधून लहान ठेवत. का, तर मोठ्या पायाच्या मुलीला स्थळ मिळत नाही. एकट्या बापाने बांधणं सोडलं असतं तर त्याची मुलगी घरी राहिली असती. गेरी मॅकी यांनी 1996 मध्ये या प्रथेचा अंत कसा झाला ते मांडलं. उत्तर चीनमधल्या डिंगशियान या भागात 1889 मध्ये 99 टक्के मुलींचे पाय बांधलेले होते, 1899 मध्ये 94 टक्के. 1919 पर्यंत हे प्रमाण शून्यावर आलं. मॅकी यांच्या मते यात मोठा वाटा प्रतिज्ञा मंडळांचा होता. सभासद एकाच वेळी दोन वचनं देत. माझ्या मुलीचे पाय बांधणार नाही आणि बांधलेल्या पायांची सून करणार नाही. दुसऱ्या वचनामुळे पहिलं पाळणं शक्य झालं, कारण मुलीला स्थळ मिळण्याची हमी त्याच मंडळात तयार झाली.

आमच्या शपथा इथेच फसतात. दरवर्षी मी कॉलेजात मुलांकडून हुंडा न घेण्याची शपथ म्हणवून घेतली. मुलं मनापासून म्हणायची. पण वर्गात शेजारी बसलेल्यांची लग्नं एकमेकांशी होत नाहीत आणि याद होते ती त्यांच्या बापांत. शपथ घ्यायची तर ती ज्यांच्यात सोयरीक होते त्याच घरांनी, बापांनी आणि आयांनी, मुलगी देणारे आणि सून आणणारे अशा दोन्ही नात्यांनी घ्यायला हवी. पुणे जिल्ह्यातल्या एका विवाहितेच्या मृत्यूनंतर 2025 मध्ये मराठा समाजाच्या काही बैठकांत लग्नाची आचारसंहिता ठरली. ती त्यामुळेच मला सरकारी फलकांपेक्षा महत्त्वाची वाटते. ती ठरवणारे लोक एकमेकांचे सोयरे आहेत.

तिच्यातली अडचणही मला दिसते. पाय बांधलेला डोळ्यांना दिसतो, हुंडा दिसत नाही. आचारसंहितेला मान डोलावून मागच्या खोलीत आकडा ठरवता येतो. शिवाय तो नाव बदलतो. ‘आम्हाला काही नको, लग्न तेवढं दोन्ही अंगांनी करून द्या’, ‘मुलीच्याच नावावर फ्लॅटला थोडा हातभार लावा’, ‘तुमच्या मुलीला तुम्ही काय घालायचं ते घाला’. ओळखायची खूण एकच. ती रक्कम ठरल्याशिवाय सुपारी फुटत नसेल, तर तिला काहीही म्हणा, तो हुंडाच आहे.

आणि इथे कायद्यातलीच एक विसरलेली तरतूद कामाची आहे. 1985 च्या नियमांप्रमाणे लग्नात वर-वधूला मिळालेल्या भेटींची लेखी यादी करायची असते. वस्तूचं थोडक्यात वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव आणि नातं. खाली नवरा-नवरीची सही. मी बसलेल्या एकाही लग्नात ही यादी झाली नाही. याद करायला आम्हाला साडेतीन तास मिळतात. ही यादी अर्ध्या तासात होते. ती करावी आणि मांडवात आहेराच्या वेळी मोठ्याने वाचावी. ज्या घराला मनातून हुंडा नको आहे, त्याला शेजारचं घरही तसंच आहे हे तेव्हाच कानांनी ऐकू येईल. कोणी खोटी यादी वाचेल, हे मला माहीत आहे. पण गावासमोर, नवरीच्या सहीची खोटी यादी वाचणं हे बंद खोलीत बोटं दाखवण्याइतकं सोपं नाही.

येत्या वैशाखात माझ्या धाकट्या मुलाचं लग्न आहे. व्याह्यांशी बोलणं झालं आहे, भावकीतल्या सात घरांनीही होकार दिला आहे. यादी मीच वाचणार आहे. तिचा कोरा नमुना पत्रासोबत जोडला आहे. जागा असेल तर तेवढा जरूर छापावा.

आपला,
एक निवृत्त प्राध्यापक, बीड जिल्हा